आकडा तोच, धाप वाढलेली

न्यूमोनियाने धाप लागलेल्या रुग्णाला बहुधा आधी हाय-फ्लो लावतात: मिनिटाला 60 लिटरपर्यंत उबदार, दमट, ऑक्सिजनमिश्रित हवा नाकातून. त्यात बोलता येतं, हे थोडकं सुख नाही. सीओपीडीच्या जुन्या रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून आम्लता वाढली असेल, तर मात्र घट्ट मास्कमधून दाब देणारं बायपॅपच आधी हवं. थकलेल्या स्नायूंचा भार ते उचलतं.

हाय-फ्लोचा धोका म्हणजे खोटा दिलासा. समजा, सुरुवातीला ऑक्सिजन 60 टक्के, सॅच्युरेशन 92, श्वास मिनिटाला 32. 92 ला 0.6 ने आणि मग 32 ने भागलं की सुमारे 4.8 येतात. हा रॉक्स निर्देशांक. सहा तासांनीही सॅच्युरेशन 92च, म्हणून नातेवाईक निश्चिंत. पण ऑक्सिजन 80 टक्क्यांवर न्यावा लागलाय, श्वास 36 झालेत. निर्देशांक 3.2. सहाव्या तासाला तो 3.47 च्या खाली असेल, तर हाय-फ्लो अपुरं पडण्याची शक्यता मोठी. त्यात मानेचे स्नायू ताणले जात असतील, रुग्ण गुंगत असेल, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावणं लांबवू नये. बायपॅपवर एक-दोन तासांत आम्लता उतरायला लागली नाही, तरी हाच विचार करावा लागतो.