‘ही आमची हद्द नाही’ म्हटलं तर?

मी बेळगावात वकिली करतो. आपली मुलं शिकायला, नोकरीला बाहेर असतात. प्रवास दोन राज्यांतून होतो. माझ्या भाचीचा चाळीस हजारांचा लॅपटॉप रात्रीच्या बसमधून चोरीला गेला, बहुधा कोल्हापूरजवळ. सकाळी उतरून ती जवळच्या ठाण्यात गेली. उत्तर मिळालं, ‘कोल्हापूरला जा.’

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ याच्या उलट सांगतं. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणं शून्य क्रमांकाने ती नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवतं. पुढचा क्रमांक आणि तपास तिथे. हीच झिरो एफआयआर. तिची प्रत मोफत मिळते.

मी भाचीला सांगितलं, अर्जात ‘गहाळ’ नको, ‘चोरी’ लिही आणि किंमतही टाक. ‘गहाळ’ म्हटलं की गुन्हाच नोंदला जात नाही आणि पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरते.

तरीही नकार मिळाला. मग तोच मजकूर तिने रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवला. जिल्ह्यात असता तर अधीक्षकांना. आठवड्याभरात ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा नोंदला गेला. तसं झालं नसतं, तर कलम १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता आला असता. तिथे आधीच्या अर्जाचा पुरावा लागतो, म्हणून पोस्टाची पावती जपून ठेवा.