ओबी गेलेला चेंडू आणि दुसऱ्या चेंडूचा हिशेब

2019 ची ओपन स्पर्धा उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरश मैदानावर झाली. तिथलाच रोरी मॅक्इलरॉय पहिल्या होलवर टीवरून खेळला आणि चेंडू डावीकडे हद्दीबाहेर गेला. चार फटक्यांच्या त्या होलवर त्याचे आठ झाले. त्यांतले दोन त्या एका चुकलेल्या फटक्याचे होते.

हद्द पांढऱ्या खुंट्यांनी, कुंपणाने किंवा जमिनीवरच्या पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते. चेंडू पूर्णपणे पलीकडे गेला तरच तो ‘ओबी’. थोडा जरी आत असेल तर खेळता येतो. ओबी झाला की एक फटका दंड आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा मारायचे. टीवरचा पहिला फटका ओबी गेला, तर पुढचा तिसरा मोजतात. दंड एकाचा, पण अंतरही हातचे जाते, म्हणूनच तो इतका झोंबतो.

पण चेंडू खरोखर बाहेर गेला की काठावर अडकला, हे टीवरून दिसत नाही. पुढे जाऊन शोधायचे आणि मग पाय ओढत परत यायचे, तोवर मागचे खेळाडू खोळंबतात. म्हणून प्रोव्हिजनल चेंडू. पहिला हरवला असेल किंवा ओबी असेल अशी शक्यता असेल, तर शोधायला निघण्याआधीच तो मारून ठेवायचा. चेंडू पाण्याच्या दंड-क्षेत्रातच गेला हे नक्की असेल, तर मात्र ही मुभा नाही.

मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असे सोबत्यांना सांगावे लागते. नुसते ‘अजून एक मारतो’ म्हणालात, तर तोच चेंडू खेळात आला, एक फटका दंड लागला, आणि पहिला नंतर फेअरवेच्या मधोमध सापडला तरी उपयोग नाही. हौशी खेळाडू बहुधा इथेच फसतात.

समजा, प्रोव्हिजनल मारला आणि पुढे गेलात. शोधायला तीन मिनिटे मिळतात. 2019 पूर्वी पाच मिळत. तेवढ्यात पहिला हद्दीच्या आत सापडला, तर तोच खेळायचा. प्रोव्हिजनलचे फटके आणि दंड दोन्ही रद्द. तो काटेरी झुडपात असला तरी निवडीचा हक्क तुम्हाला नाही. नाही सापडला किंवा ओबी निघाला, तर प्रोव्हिजनलवरचा पुढचा फटका चौथा.

यात एक खुबी आहे. प्रोव्हिजनल झेंड्याजवळ पडला असेल, तर पहिला शोधण्याची सक्ती तुमच्यावर नाही. तो जिथे असावा, त्याहून होलच्या जवळून प्रोव्हिजनलला पुढचा फटका मारलात की तो खेळात आला, पहिला संपला. अर्थात प्रतिस्पर्धी हुशार असेल, तर तो तुमच्याआधी झुडपाकडे धावेल आणि चेंडू शोधून काढेल.