नव्याण्णव टक्के, पण कशाचे?

चाळिशीची एक बाई दवाखान्यात येते. जिना चढला की धाप लागते, छातीत धडधडतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ९९. घरचे म्हणतात, "ऑक्सिजन तर उत्तम आहे!" डॉक्टर मात्र तिची खालची पापणी ओढून पाहतात. आतला भाग पांढराफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.

ऑक्सिमीटर खोटं बोलत नव्हता. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय, एवढंच तो सांगतो. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला कळत नाही. एसटीच्या सगळ्या गाड्या भरलेल्या आहेत, पण डेपोत गाड्याच निम्म्या, असा हा प्रकार.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन ६ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ६ ग्रॅम, अर्थात लिटरला ६० ग्रॅम. ६० गुणिले १.३४, त्याचे ९९ टक्के: जवळपास ८० मिलिलिटर. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ३. एकूण ८३. आता शेजारच्या खाटेवर न्यूमोनियाचा रुग्ण आहे असं समजा. हिमोग्लोबिन १४, ऑक्सिमीटरवर ८५. त्याच्या लिटरभर रक्तात सुमारे १६० मिलिलिटर ऑक्सिजन आहे, म्हणजे बाईच्या जवळपास दुप्पट. त्याचं फुफ्फुस आजारी आहे आणि त्याला उपचार तातडीने हवेतच. पण रक्तातला साठा बाईचाच कमी आहे.

मग ती चालतीबोलती कशी? हृदयामुळे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. ८३ गुणिले ५ म्हणजे मिनिटाला ४१५ मिलिलिटर ऑक्सिजन. स्वस्थ बसलेल्या शरीराला साधारण २५० लागतो, म्हणजे हाताशी फार काही उरत नाही. म्हणून हृदय जोर वाढवतं आणि ८ लिटर ढकलतं, तेव्हा पुरवठा ६६० च्या आसपास जातो. तिची धडधड म्हणजे हीच जादा पाळी. जिना चढताना मागणी आणखी वाढते आणि ही ताकद अपुरी पडते.

उलट बाजूही पाहा. हिमोग्लोबिन १३, ऑक्सिमीटरवर ९८, पण हृदय कमकुवत, मिनिटाला ३ लिटरच ढकलणारं. लिटरमागे सुमारे १७४ मिलिलिटर ऑक्सिजन असूनही पुरवठा ५२० च्या पुढे जात नाही. अशा माणसाचे हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि यंत्रावरचा ९८ तसाच राहतो.

बाईला नळीने ऑक्सिजन लावून ९९ चे १०० होतील. लिटरमागे मिलिलिटरभराचीच भर. रक्ताची एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढवते, म्हणजे लिटरमागे १३ मिलिलिटर. तीही सावकाश द्यावी लागते, कारण आधीच दमलेल्या हृदयावर एकदम भार पडला तर फुफ्फुसात पाणी साचतं. शिवाय लोह देऊन, रक्त कुठे जातंय तेही शोधावं लागतं. या वयात बहुतेकदा कारण मासिक पाळीतल्या जास्त रक्तस्रावात सापडतं.

म्हणून धाप लागत असेल आणि ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवत असेल, तर घरी थांबू नका. हिमोग्लोबिन तपासा आणि हृदयही दाखवून घ्या.