वाटी बाहेरच का सरकते?

खो-खोच्या सरावात 14 वर्षांची मुलगी खांबाला वळसा घालते. पाऊल जमिनीवर घट्ट टेकलेलं, गुडघा किंचित वाकलेला आणि अंग मात्र झर्रकन आत फिरतं. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज येतो, ती खाली कोसळते. वाटी बाहेरच्या अंगाला जाऊन बसलेली असते. कळवळून ती पाय सरळ करते आणि वाटी आपोआप जागेवर येते. मैदानातले लोक जवळ पोचेपर्यंत दिसण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मग 'मुरगळला असेल' म्हणून बर्फ लावून तिला घरी पाठवतात.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज बहुधा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते, आणि ते दुखणं साध्या मुरगळण्याचं नसतं. अशा वेळी चोळून घेण्यात काही अर्थ नाही. एक्स-रे हवाच, कारण वाटी परत येताना मांडीच्या हाडाच्या कडेवर घासते आणि कूर्चेचा तुकडा उडू शकतो. तो एक्स-रेत नेहमीच दिसतो असं नाही, म्हणून सूज मोठी असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात. वाटी जागेवर आलीच नसेल, तर मैदानावर जोर लावून ती ढकलू नये. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालय गाठावं.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण असते, तिच्यातून वाटी वरखाली सरकते. पण गुडघा जवळजवळ सरळ असताना वाटी त्या खोबणीत अजून नीट शिरलेली नसते. तेवढ्या टप्प्यात तिला मुख्यतः आतल्या बाजूचं एक लिगामेंट धरून ठेवतं. पाऊल रोवलेलं असताना मांडी आत वळली, की मांडीचा ताकदवान स्नायू वाटीला बाहेर ओढतो आणि ते लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं. म्हणून वाटी जवळजवळ नेहमी बाहेरच जाते. काहींची खोबण जन्मतःच उथळ असते, काहींची वाटी थोडी वर बसलेली असते, काहींचे सगळेच सांधे लवचीक असतात. अशांची वाटी साध्या वळण्यानेही निसटू शकते.

पहिल्यांदा वाटी सरकलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाची ती पुन्हा सरकते. वाढत्या वयात, त्यात खोबण उथळ असली, तर हा धोका निम्म्याहून जास्त होतो. व्यायामाने खोबण खोल होत नाही, फाटलेलं लिगामेंटही शिवलं जात नाही. मग व्यायाम कशासाठी? मांडी आत वळू नये, यासाठी.

सुरुवातीला थोडे दिवस पट्टा आणि कुबड्या लागतात. महिनोन्‌महिने गुडघा बांधून ठेवला तर मात्र स्नायू वाळतो. सांध्यात पाणी असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो, म्हणून पहिलं काम त्याला जागं करायचं. उताणं झोपून गुडघा ताठ करायचा आणि पाय वीतभर उचलायचा. उचलताना गुडघा थोडा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही. 'वाटीच्या आतल्या बाजूचा तेवढाच स्नायू मजबूत करा' असा सल्ला पूर्वी सर्रास मिळे. प्रत्यक्षात तो एकटा निवडून वाढवता येत नाही, सगळी मांडीच कामाला लावावी लागते.

खरी किल्ली मात्र कमरेशी आहे. मांडी आत वळू न देणारे स्नायू कुल्ह्याच्या बाजूला असतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, गुडघ्यांच्या वर रबरी पट्टा बांधून आडवं चालणं, हे त्यांचे व्यायाम. नंतर पायरी. आरशासमोर खालच्या पायरीवर दुखऱ्या पायाने उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत झुकला, तर पायरीची उंची कमी करायची, आकडा वाढवायचा नाही. दहा सावकाश आणि सरळ झाले तर ते पंचवीस घाईच्या उठाबशांपेक्षा जास्त उपयोगी.

दुखणं सहसा काही आठवड्यांत जातं, ताकद मात्र तेवढ्यात येत नाही, आणि बहुतेक मुलं नेमकी याच मधल्या काळात मैदानात उतरतात. परतायला साधारण तीन-चार महिने लागतात, पण कॅलेंडरपेक्षा पाय पाहावा. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यावी, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडू नये आणि झटकन वळताना 'आता निसटेल' ही धास्ती वाटू नये. ही धास्तीही तपासणीचा भाग आहे. डॉक्टरांनी वाटी हलकेच बाहेर ढकलताच मूल हात धरतं, तेव्हा सांधा अजून अस्थिर असण्याची शक्यता असते.

हे सगळं करूनही वाटी पुन्हा निसटली, किंवा सांध्यात सुटा तुकडा सापडला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तेव्हा बहुधा मांडीमागच्या शिरेचा तुकडा घेऊन आतलं लिगामेंट नव्याने बांधतात. हाडं वाढत असलेल्या वयात वाढीच्या पट्टीला धक्का न लावता छिद्रं घ्यावी लागतात, आणि नडगीचं हाड कापून वाटीची ओढ बदलण्याची शस्त्रक्रिया ती वाढ पूर्ण होईपर्यंत थांबवतात. कुल्ह्याचे आणि मांडीचे तेच व्यायाम मात्र शस्त्रक्रियेनंतरही पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात.