क्यूबचे सहा आकडे आणि एकमेकींना झाकणाऱ्या चुका

स्लॅबचे काँक्रीट ओतताना त्यातलेच थोडे काँक्रीट साच्यात भरून ठेवतात. १५० मिलिमीटर बाजूचे हे क्यूब २८ दिवस पाण्यात राहतात आणि मग दाबयंत्राखाली फोडले जातात. फुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन भार सोसला, तो आकडा नोंदवहीत जातो. तीन क्यूबची सरासरी म्हणजे एक नमुना. काँक्रीट एम-२५ असेल तर शंभरातल्या पाचांहून अधिक निकालांनी २५ न्यूटनच्या खाली जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा नुसत्या सरासरीवर पुरी होत नाही. सरासरी २५ ठेवली तर निम्मे निकाल खाली जातील. म्हणून मिश्रण ठरवताना सरासरीचे लक्ष्य वर ठेवतात: २५ अधिक प्रमाण विचलनाच्या १.६५ पट. प्रमाण विचलन म्हणजे निकाल सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरले आहेत, याचे माप. विखुरणे जास्त असेल तर लक्ष्य वर जाते आणि सहसा सिमेंटही वाढते. हे माप चुकून लहान निघाले, तर लक्ष्य गुपचूप खाली सरकते.

समजा, एम-२५ च्या सहा नमुन्यांचे निकाल असे आले: २७, ३५, ३०, ३३, २८, ३३. पडताळायला आपल्या हाती एक कागद येतो. त्यावर सरासरी ३२ आणि प्रमाण विचलन ३.०६ लिहिले आहे. आकडा अगदी पटण्यासारखा वाटतो. आयएस ४५६ या भारतीय मानकाने पुरेसे निकाल हाती नसताना एम-२५ साठी ४ न्यूटन प्रमाण विचलन धरायला सांगितले आहे. त्या मानाने ३.०६ म्हणजे साइटवर कामाची शिस्त बरी, असेच कोणीही म्हणेल. तरी या कागदावर दोन चुका आहेत.

पडताळणी शेवटच्या उत्तरापासून करायची नाही. आधी सरासरीपासूनच्या फरकांचा रकाना बघायचा. कागदावर तो −५, ३, −२, १, −४, १ असा आहे. या सहांची बेरीज करा: −६ येते. सरासरी बरोबर असती तर ही बेरीज शून्यच आली असती, कारण सरासरीच्या वरचे आणि खालचे फरक एकमेकांना तंतोतंत फेडतात. ही बेरीज करायला अर्धे मिनिट लागते आणि सरासरीची चूक तिच्यातून सुटत नाही. एवढेच नव्हे, चूक किती हेही ती सांगते. −६ ला नमुन्यांच्या संख्येने, म्हणजे ६ ने भागले की −१ मिळतो. लिहिलेली सरासरी एकाने जास्त आहे. मूळ आकड्यांची बेरीज १८६ आहे, १९२ नव्हे. खरी सरासरी ३१.

इथे एक सावधगिरी हवी. सरासरी ३०.८३३३ अशी लांबत गेली आणि कोणी ती ३०.८ धरली, तर फरकांची बेरीज शून्य येणार नाही, ०.२ येईल. ती चूक नव्हे, पूर्णांकनाची धूळ आहे. बेरीज त्या धुळीएवढीच आहे की त्याहून मोठी, एवढे बघायचे.

आता वर्गांचा रकाना. ३२ धरून आलेल्या फरकांचे वर्ग २५, ९, ४, १, १६, १, बेरीज ५६. खऱ्या सरासरीने फरक होतात −४, ४, −१, २, −३, २ आणि त्यांचे वर्ग १६, १६, १, ४, ९, ४, बेरीज ५०. चुकीच्या सरासरीने बेरीज सहाने फुगली. हे सहा कुठून आले? नमुने सहा, सरासरीतली चूक एक. चुकीचा वर्ग गुणिले नमुन्यांची संख्या, म्हणजे १ × ६. चूक दोनाची असती तर बेरीज ४ × ६, म्हणजे २४ ने फुगली असती. सरासरी वर चुको की खाली, वर्गांची बेरीज वाढतेच, कधीही घटत नाही. सूत्रात मांडायचे तर असे:

Σ(x − a)² = Σ(x − x̄)² + n(x̄ − a)²

इथे x̄ खरी सरासरी आणि a आपण धरलेला दुसरा कोणताही आकडा. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तीच पुन्हा लागणार आहे.

वर्गांच्या रकान्यात होणाऱ्या बाकीच्या चुका साध्या, पण चकवणाऱ्या असतात. वर्ग करण्याऐवजी दुप्पट करण्याची चूक घ्या. पडताळणाऱ्याने नमुन्यादाखल एकच ओळ तपासली आणि ती नेमकी २ ची निघाली, तर चूक दिसणारच नाही. दोनाची दुप्पटही चार आणि वर्गही चार. म्हणून सर्वांत मोठ्या फरकाची ओळ तपासावी. दुसरी चूक चिन्हाची. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कंस न देता -4² दाबले की बहुधा −१६ येते, कारण यंत्र आधी वर्ग करते आणि मग उणे लावते. एक्सेलमध्ये मात्र =-4^2 लिहिले तर १६ येतात. वर्गांच्या रकान्यात एकही उणे चिन्ह दिसले तर पुढे वाचायचे कारण नाही.

वर्गमूळ काढायचे राहिले तर तेही पकडता येते. आपले आकडे २७ ते ३५, म्हणजे पसारा ८ चा. प्रमाण विचलन या पसाऱ्याच्या निम्म्याहून, म्हणजे ४ हून, फार पुढे जाऊच शकत नाही. सहा निकालांना एक वजा करून भागले तरी कमाल मर्यादा ४.३८ च्या आसपास राहते. कोणी १० लिहिले असेल, तर तो वर्गमुळाआधीचा आकडा आहे.

आता भागाकार. कागदावर ५६ ला ६ ने भागले आहे: ९.३३, वर्गमूळ ३.०६. योग्य हिशेब ५० भागिले ५, म्हणजे १० आणि त्याचे वर्गमूळ ३.१६. मौज अशी की दोन चुकांपैकी एकच केली असती तर उत्तर अधिक बिघडले असते. नुसती सरासरी चुकली असती तर ३.३५ आले असते. नुसता भाजक चुकला असता तर २.८९. एक चूक आकडा फुगवते, दुसरी त्याला दाबते आणि कागदावरचे उत्तर साळसूद दिसते. उत्तर ‘जवळपास बरोबर’ आहे म्हणून रीत बरोबर असेल, असे मानणाऱ्या पडताळणीवर माझा तरी विश्वास नाही.

पण सहा निकाल असताना पाचने का भागायचे? शाळेत तर n नेच भागायला शिकवले होते. अकरावीच्या पुस्तकातल्या सूत्रात खरोखरच n आहे आणि तिथे ते ठीकही आहे, कारण तिथे दिलेले आकडे हेच सगळे जग असते. वर्गातल्या चाळीस मुलांचे गुण दिले आणि त्याच चाळीस मुलांबद्दल विचारले, तर चाळीसनेच भागायचे. आपले सहा नमुने मात्र तसे नाहीत. आपल्याला त्या सहांबद्दल नव्हे, त्या मिश्रणाच्या साऱ्या काँक्रीटबद्दल बोलायचे आहे. त्या काँक्रीटची खरी सरासरी आपल्याला ठाऊक नाही.

इथे मघाचे सूत्र पुन्हा घ्या. समजा, पुढे शेकडो निकाल आल्यावर कळले की या मिश्रणाची खरी सरासरी ३२ आहे. मग ५६ हीच योग्य बेरीज ठरते आणि ५० ही तिच्यापेक्षा सहाने कमी. म्हणजे कागदावर जी चूक होती, तीच आता सत्याची बाजू झाली. सहा नमुन्यांची आपली सरासरी त्या सहांनाच सर्वांत सोयीची असते. तिच्यापासून मोजलेली वर्गांची बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या बेरजेपेक्षा नेहमी लहान किंवा फार तर तेवढीच निघते. दर वेळी किती कमी निघेल ते सांगता येत नाही. पण असे असंख्य सहा-सहाचे संच घेतले, तर सरासरीने ही तूट नेमकी एका निकालाच्या वाट्याएवढी भरते. बेरजेत सहाऐवजी पाचच वाटे असतील तर भागायचेही पाचनेच. ही दुरुस्ती जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या नावाने ओळखली जाते. तिने वर्गमुळाआधीचा आकडा पूर्ण दुरुस्त होतो. वर्गमूळ काढल्यावर किंचित तूट उरतेच, पण व्यवहारात तिच्याकडे कोणी बघत नाही.

एकच नमुना घेऊन बघितले की n ने भागण्यातला खोटेपणा उघडा पडतो. फरक शून्य, वर्ग शून्य, भागिले एक: प्रमाण विचलन शून्य. म्हणजे एका निकालावरून आपण जाहीर केले की या काँक्रीटमध्ये चढउतारच नाही. n−१ ने भागायला गेलो तर शून्य भागिले शून्य येते. उत्तर निघत नाही आणि तेच योग्य आहे.

दिलेल्या उत्तरात कोणता भाजक वापरला, हे शोधायला दोन्ही उत्तरांचे गुणोत्तर पुरते: n भागिले n−१ चे वर्गमूळ. सहा निकालांना ते १.०९५ येते, २.८९ ला त्याने गुणले की ३.१६ मिळतात. तीस निकालांना हा फरक दोन टक्क्यांहूनही कमी उरतो. आयएस ४५६ प्रमाण विचलन ठरवायला किमान तीस नमुने मागते, तेव्हा सहा निकालांवर मिश्रण ठरवायला बसणेच मुळात गैर आहे. इथे ते रीत दाखवण्यापुरते घेतले. तरी हिशेब करून बघा: ३.१६ ने लक्ष्य ३०.२ न्यूटन येते आणि २.८९ ने २९.८. दिशा लक्षात घ्या. n ने भागण्याची चूक नेहमी काँक्रीटला त्याच्या लायकीपेक्षा अधिक शिस्तीचे ठरवते.

ही चूक आज बहुतेक वेळा हाताने होत नाही, बटणाने होते. एक्सेलमध्ये STDEV.S हे n−१ ने भागते, STDEV.P हे n ने. कॅल्क्युलेटरवर σx आणि sx शेजारी शेजारी असतात. नमुन्यासाठी sx घ्यायचे. पायथनमध्ये तर एकाच आकड्यांना np.std काही न सांगता n ने भागते आणि पांडाजचे .std() n−१ ने, त्यामुळे दोन सहकाऱ्यांची उत्तरे जुळत नाहीत आणि दोघेही आपापल्या जागी ठाम असतात.

हाताशी स्वतंत्र पडताळा हवा असेल तर सरासरीला हातच लावू नका. मूळ आकड्यांचे वर्ग करून बेरीज घ्या: ५८१६. मूळ बेरजेचा वर्ग भागिले सहा: ३४५९६ ÷ ६ = ५७६६. वजाबाकी ५०. या वाटेवर १८६ ऐवजी १९२ वापरले असते तर उत्तर −३२८ आले असते आणि वर्गांची बेरीज उणे असूच शकत नसल्याने चूक लगेच ओरडून सांगितली गेली असती. बेरीज खाली चुकली तर मात्र आकडा फुगलेला पण धन येतो, म्हणून फरकांची बेरीज शून्य येते का, हे आधी बघितलेलेच बरे.

तुमच्या इमारतीच्या क्यूबचा अहवाल हातात आला, तर प्रमाण विचलनाच्या आकड्याशेजारी नमुने किती आणि भागाकार n ने की n−१ ने, हे दोन्ही लिहून मागा.