सहा टप्पे, एक रेषा

कंपनीचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की स्मरणिका निघते आणि तिच्या मधल्या दोन पानांवर ‘आमची वाटचाल’ येते. एक आडवी रेषा, तिच्यावर गोल ठिपके, ठिपक्यांखाली साल आणि दोन ओळी मजकूर. काम सोपं दिसतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी गळ्यात मारलं जातं. मग रेषेवर कुठे तीन ठिपके एकमेकांना खेटून बसतात, कुठे वीतभर जागा रिकामी राहते आणि मजकूर एकमेकांवर चढतो.

असं का होतं, हे एका खऱ्या उदाहरणावर पाहू. किर्लोस्कर उद्योगाचा इतिहास मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. हा समूह आपली सुरुवात १८८८पासून, बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. १९१०मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना आला, १९२०मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही लिमिटेड कंपनी झाली, १९३०मध्ये याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघालं. १९४६मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बेंगळुरूत विजेच्या यंत्रांची कंपनी उभी राहिली. १९९७मध्ये टोयोटाबरोबर मोटारींची कंपनी स्थापन झाली. हे झाले सहा टप्पे.

स्मरणिका ए-फोर आकाराची असेल तर उघडलेली दोन पानं मिळून ४२० मिलिमीटर रुंदी मिळते. दोन्ही कडांना ३० मिलिमीटर समास सोडला की कामाला उरतात ३६०. आता हे टप्पे काळाच्या प्रमाणात मांडून पाहू. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात ३०० मिलिमीटर अंतर ठेवलं, तर १०९ वर्षांच्या हिशेबाने एका वर्षाला पावणेतीन मिलिमीटर येतात. १८८८ आणि १९१० यांच्यात ६० मिलिमीटर पडतात, ते ठीक. पण १९१०, १९२० आणि १९३० हे तीन ठिपके जेमतेम साडेसत्तावीस मिलिमीटरवर येतात. तेवढ्या रुंदीत ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ कसंबसं बसतं, पुढचा मजकूर शेजारच्यावर चढतो. उलट १९४६ आणि १९९७ यांच्यात १४० मिलिमीटर, म्हणजे पानाचा एक तृतीयांश भाग, कोरा राहतो.

म्हणून बहुतेक जण समान अंतराकडे वळतात. ठिपके सारखे मांडले की प्रत्येक मजकुराला सारखी जागा मिळते आणि पान नेटकं दिसतं. मुंबई लोकलच्या डब्यात दारावर लावलेल्या पट्टीवरही स्टेशनं अशीच सारख्या अंतरावर असतात. खरी अंतरं कमीजास्त असली तरी कुणी तक्रार करत नाही, कारण प्रवाशाला फक्त पुढचं स्टेशन कोणतं एवढंच हवं असतं. इतिहासाची रेषा मात्र वाचक वेगळ्या सवयीने वाचतो. जोसेफ प्रीस्टलीने १७६५मध्ये थोरामोठ्यांच्या आयुष्यांचा तक्ता छापला, तेव्हा त्याने काळाला प्रमाणबद्ध लांबी दिली होती, आणि लांब रेघ म्हणजे लांब काळ ही समजूत तेव्हापासून आपल्या डोळ्यांत रुजली आहे. ठिपके सारख्या अंतरावर दिसले की घटनाही सारख्या काळाने घडल्या, असं नकळत वाटतं. आपल्या उदाहरणात दहा वर्षं आणि एक्कावन्न वर्षं एकाच मापाची दिसणार.

समान अंतराची रेषा क्रम दाखवते, काळ दाखवत नाही. ही निवड चुकीची नाही, पण ती वाचकाला कळली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी करायच्या. पहिली, रेषेवर फूटपट्टीसारख्या बारीक खुणा काढायच्या नाहीत. त्या काढल्या की रेषा मोजपट्टी असल्याचा दावा करते, आणि तो खोटा असतो. दुसरी, दोन ठिपक्यांमधल्या रेषेवर लहान अक्षरांत मधली वर्षं लिहायची: २२ वर्षे, १० वर्षे, १० वर्षे, १६ वर्षे, ५१ वर्षे. एवढ्याने वाचकाला अंतर आणि काळ यांतला फरक दिसतो. शिवाय ‘५१ वर्षे’ वाचून तो विचारतो की मध्ये काहीच घडलं नाही का? हा प्रश्न संपादकालाही पडायला हवा. उत्तर असेल तर तो टप्पा घालावा, नसेल तर आकडा तसाच राहू द्यावा.

आता प्रत्यक्ष आखणी. सहा टप्पे म्हणून ३६० मिलिमीटरचे सहा समान कप्पे करा, प्रत्येकी ६०चा. ठिपका कप्प्याच्या मधोमध बसवा, म्हणजे डाव्या समासापासून ३०, ९०, १५०, २१०, २७० आणि ३३० मिलिमीटरवर. अनेक जण पहिला ठिपका रेषेच्या अगदी सुरुवातीला आणि शेवटचा अगदी टोकाला ठेवतात. तसं केलं की त्या दोघांखालचा मजकूर समासाबाहेर लोंबतो, आणि तो आत ओढला की ठिपक्याशी त्याचं नातं तुटतं.

कप्प्यांच्या या हिशेबात आणखी एक फायदा आहे. जोडपानाची घडी कागदाच्या बरोबर मध्यावर, २१० मिलिमीटरवर येते, म्हणजे डावा समास वजा करून कप्प्यांच्या मापात १८०वर. ती तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्याच्या मध्ये पडते, कुठलाच ठिपका घडीत जात नाही. टप्पे सात किंवा पाच असते तर मधला ठिपका नेमका घडीत गेला असता. म्हणून जोडपानावर टप्पे सम संख्येत ठेवणं सोयीचं. मात्र स्मरणिका पिनांनी शिवलेली नसून पाठीला गोंद लावून बांधली असेल, तर घडीजवळचा बराच भाग डोळ्यांआड जातो. तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या मजकुराची रुंदी कमी करावी, ठिपके हलवू नयेत. नमुना प्रत छापून, घडी घालून, बांधणीवाल्याकडे दाखवली की किती भाग गिळला जातो ते कळतं.

ठिपके सारखे बसवायला सॉफ्टवेअरमध्ये सोय असते, पण तिथे एक ठेच लागते. पॉवरपॉइंटमध्ये <code>Distribute Horizontally</code> हा आदेश वस्तूंच्या कडांमधलं अंतर सारखं करतो. ठिपका आणि त्याखालचा मजकूर एकत्र बांधून हा आदेश दिला, तर रुंद मजकुराचा गट जास्त जागा खातो आणि ठिपके कमीजास्त अंतरावर जातात. वरवर पाहता सगळं बरोबर वाटतं; पट्टी लावली की तीन-चार मिलिमीटरचा फरक निघतो. उपाय सोपा आहे. आधी फक्त एकाच मापाचे ठिपके मांडून घ्यायचे, मग मजकुराच्या चौकटी एकाच रुंदीच्या करून त्यांच्याखाली बसवायच्या.

६० मिलिमीटरच्या कप्प्यात दोन्हीकडे ४ मिलिमीटर मोकळी जागा सोडली तर मजकुराला ५२ मिलिमीटर मिळतात. १२ पॉइंटच्या देवनागरी अक्षरांत त्यात साधारण तीन-चार शब्दांची ओळ बसते, म्हणजे दोन ओळींत सात-आठ शब्द. ही मर्यादा आधी ठरवायची, मग लिहायचं. उलट क्रमाने गेलं की संचालकांकडून आलेला परिच्छेद अक्षर बारीक करून कोंबावा लागतो.

१९१०चाच टप्पा घ्या. पहिल्या खर्ड्यात असं येतं: ‘बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मोठ्या जिद्दीने कारखान्याची उभारणी केली.’ यात साल वरच छापलेलं आहे. जिद्द कुठल्याही कंपनीला लावता येते, ती गाळली तरी चालते. लक्ष्मणरावांचं नाव पहिल्या टप्प्यात येऊन गेलेलं असतं. औंधच्या राजांची गोष्ट रंजक आहे, पण तिची जागा मुख्य लेखात. उरतं ते: ‘कुंडल रोडच्या माळावर कारखाना, किर्लोस्करवाडीची सुरुवात’. सहा शब्द, आणि जागा व घटना दोन्ही त्यात आहेत. बाकीचे पाचही टप्पे याच घडणीचे करायचे, आधी ठिकाण किंवा नाव आणि मग घटना. एकात ‘स्थापना’, दुसऱ्यात ‘सुरू केले’, तिसऱ्यात ‘उभा राहिला’ असं झालं की वाचकाला प्रत्येक वेळी वाक्य नव्याने उलगडावं लागतं. १९४६च्या टप्प्यात दोन कंपन्या आहेत. त्यांचे दोन ठिपके केले तर एकाच सालाचे ठिपके एकमेकांपासून दूर दिसतील, म्हणून एका ठिपक्याखाली दोन ओळी द्याव्यात.

देवनागरीची एक अडचण इथे नेहमी येते. मजकूर चौकटीच्या दोन्ही कडांना जुळवायला अक्षरांमधली जागा ताणली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो. मजकूर डावीकडून जुळवावा आणि उजवी कड वरखाली राहू द्यावी. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो.

राहिली दिशा. मराठी वाचक डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून जुनं डावीकडे. बाण एकच, रेषेच्या उजव्या टोकाला. प्रत्येक ठिपक्यापुढे बाण काढला की एका घटनेमुळे दुसरी घडली असा अर्थ निघतो, आणि ‘स्त्री’ मासिकातून ऑइल इंजिन निघालं असं काही कुणाला सांगायचं नसतं. टप्पे जास्त असले की काही जण नागमोडी रेषा काढतात, वरची ओळ उजवीकडे जाते आणि खालची तिथून डावीकडे परतते. वाचक मात्र सवयीने खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला जातो आणि शेवटचा टप्पा आधी वाचतो. दोन ओळी कराव्याच लागल्या तर दोन्ही डावीकडूनच सुरू कराव्यात.

छायाचित्रांनाही दिशा असते. नांगराचं तोंड डावीकडे असेल तर नजर मागे खेचली जाते. अशा वेळी उजवीकडे तोंड असलेलं दुसरं चित्र शोधावं. जुनं चित्र उलटं छापू नये, कारण त्यावरची अक्षरंही उलटी होतात आणि यंत्राची रचना खोटी पडते.

छपाईला देण्याआधी हे पान कंपनीबाहेरच्या कुणाला तरी अर्धा मिनिट दाखवावं आणि मग झाकून दोन प्रश्न विचारावेत: सगळ्यात आधी काय झालं, आणि सगळ्यात मोठा खंड कुठे पडला? पहिल्याचं उत्तर चुकलं तर दिशेत घोळ आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर मधली वर्षं पुरेशी ठळक नाहीत, त्यांचा आकडा एक-दोन पॉइंटने मोठा करावा. आणि हा खंडच तुमच्या कंपनीची खरी गोष्ट असेल, मध्ये पन्नास वर्षं कारखाना बंद होता असं काही असेल, तर समान अंतर सोडून द्यावं, रेषा प्रमाणात काढावी आणि ती कोरी जागा तशीच छापावी.