मोटर खरंच जळाली, की नुसता सांधा सैल? तीन आकडे काय सांगतात

पाण्याचा पंप सारखा ट्रिप व्हायला लागला की सोसायटीत पहिलं वाक्य येतं, ‘मोटर जळाली, रिवाइंडिंगला टाका.’ पण उघडायच्या आधी मोटरला विचारून बघता येतं. आज तेच बघू, आमच्या विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीच्या पंपावरून. मोटर ५ एचपीची, थ्री फेज, डेल्टा कनेक्शनची. अर्धा तास चालायची, मग ओव्हरलोड रिले पडायचा. तिथल्या काकांनी मेगर लावून घेतला होता. रीडिंग तिन्ही फेजला १०० मेगाओहमच्या वर. ‘मेगर चांगला आहे, तरी ट्रिप का?’ हा त्यांचा प्रश्न.

इथेच पहिला मुद्दा. मेगर ५०० व्होल्ट डीसी देऊन फक्त एवढंच बघतो की तांब्यातून बॉडीकडे करंट गळतोय का. (लो व्होल्टेज मोटरला निदान ५ मेगाओहम हवेत, असा साधारण नियम आहे.) तिन्ही फेज एकदम खाली आले तर बहुतेक ओल. एकच खाली आला तर त्या फेजचं इन्सुलेशन कुठेतरी खराब. पण एकाच कॉइलचे दोन वेढे आपापसात चिकटले, किंवा लग सैल झाला, तर मेगरला ते दिसतच नाही. बॉडीकडे काही गळतच नाही ना!

म्हणून वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजायचा. एमसीबी बंद, सप्लाय तोडलेला, टेस्टरने खात्री केलेली. मेगर लावला असेल तर वाइंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करायचं. आणि टर्मिनल बॉक्समधल्या तिन्ही पट्ट्या काढायच्या. हे टाळू नका, कारण का ते पुढे कळेल.

मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.३ ओहम दाखवत होता. तो वायरींचाच, म्हणून वजा केला. मग यू फेज ५.०, व्ही फेज ५.०, डब्ल्यू फेज ५.८ ओहम.

आता वाचायचं कसं? वेढे शॉर्ट झाले की तार जणू छोटी होते, म्हणजे आकडा कमी होतो. सांधा सैल असला की वाटेत अडथळा वाढतो, म्हणजे आकडा जास्त होतो. इथे डब्ल्यू जास्त, म्हणजे संशय सांध्यावर. मोटर नुकतीच बंद केली असेल तर तिन्ही आकडे वाढलेले दिसतील. तांबं ५० अंशांनी तापलं की रेझिस्टन्स साधारण २० टक्के वाढतो. म्हणून जुन्या आकड्याशी नाही, तिघांची आपापसात तुलना करा.

पट्ट्या लावूनच मोजलं असतं तर? डेल्टामध्ये बाकीची दोन वाइंडिंग समांतर येतात. मग आकडे आले असते ३.४ आणि ३.७. पाऊण ओहमचा फरक पाव ओहमवर आला असता, आणि साध्या मीटरवर तो सहज सुटला असता.

मग जागा शोधली. पिन लगवर ठेवली तर ५.८. लगच्या मागे, उघड्या तांब्यावर ठेवली तर ५.०. म्हणजे दोष लगच्या क्रिंपमध्येच. त्याची स्लीव्हही तपकिरी झाली होती. वाइंडिंगमधून चार-साडेचार अँपिअर जात असताना त्या ०.८ ओहममध्ये सुमारे १५ वॅट उष्णता होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तापला की सांधा आणखी सैल होतो, भार उरलेल्या दोन वाइंडिंगवर जातो आणि रिले पडतो. अर्ध्या तासाचं कोडं हेच. तार मागे छिलून नवा लग क्रिंप केला, आणि तिन्ही फेज ५.० झाले.

डब्ल्यू ४.४ आला असता तर मात्र वेगळी गोष्ट. वेढ्यांच्या शॉर्टवर नट घट्ट करून उपयोग नाही, रिवाइंडिंगच. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. थोडेच वेढे शॉर्ट असतील तर फरक एक-दोन टक्केच असतो, ५ ओहममध्ये ०.१. साधा मल्टिमीटर तिथे थकतो. पण चालू मोटरमध्ये तोच छोटा वेढा ट्रान्सफॉर्मरसारखा भरमसाट करंट ओढतो आणि तापतो.

तेव्हा क्लॅम्प मीटरने तिन्ही लाइनचे करंट बघा. मग सप्लाय बंद करून तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्तीचा करंट मोटरच्या त्याच टर्मिनलवर राहिला तर दोष मोटरचा. वायरीबरोबर सरकला तर दोष सप्लायचा किंवा स्टार्टरचा. मोटरचा निघाला आणि रेझिस्टन्स तरी सारखाच दिसत असेल, तर वाइंडिंगवाल्याकडे सर्ज टेस्ट करून घ्या. तोवर ती मोटर चालवू नका.